कावळ्यासमोर दिलेला शब्द

आळंदीच्या घाटावर त्या सकाळी सगळं वेळेवर झालं होतं, कावळा तेवढा आला नव्हता. पिंड ठेवून पाऊण तास होऊन गेला. एरवी घाटावर कावळ्यांचा काय तोटा! पण ज्योतीरामच्या पिंडाकडे एकही फिरकेना. समोरच्या पत्र्यावर चार बसले होते, माना वाकड्या करून बघत होते आणि जागचे हलत नव्हते.

ज्योतीराम औशाकडचा. बावीस वर्षं भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिला. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा हिशेबाचे पैसे घेऊन बाहेर पडला आणि महाळुंग्याच्या एका कंपनीत कंत्राटावर लागला. तिथंच एका दुपारी गेटवर छातीत कळ येऊन पडला, तो उठलाच नाही. मागे बायको विजयश्री, नर्सिंगला जाऊ म्हणणारी मुलगी तनुजा आणि गावाकडे म्हातारी आई यशोदाबाई. यशोदाबाईंचा खुबा मोडलेला, त्यामुळे पोराच्या दहाव्याला त्यांना येता आलं नाही. म्हणून शेजारची पूनम मोबाइल उभा धरून सगळं चित्रण करत होती. म्हातारीला दाखवायचं होतं.

कावळा शिवेना म्हटल्यावर आपल्याकडे जे होतं ते सुरू झालं. मेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल, याचा जो तो अंदाज बांधू लागला. चुलत दीर हात जोडून म्हणाला, "दादा, आईला मी बघतो." कावळा ढिम्म. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तनूचं लग्न आम्ही करू." तनुजानं मामाकडे असं पाहिलं की लग्नाचा विषय तिथंच संपला. कावळ्यालाही तो पटला नसावा. गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, "दर्भाचा कावळा करू या का?"

तेवढ्यात नानासाहेब पुढे झाले. महाळुंग्याचे जुने गावकरी. कंपन्या आल्या तेव्हा जमीन गेली, पैसा आला, त्यातून चाळीस खोल्या आणि पाण्याचे दोन टँकर उभे राहिले. ज्योतीराम त्यांचाच भाडेकरू. पांढरा सदरा, गळ्यात चेन. अकरा वाजता चाकणला कुणाच्या तरी दुकानाचं उद्घाटन होतं आणि साडेदहा होऊन गेले होते. पंचायतीची निवडणूकही लांब नव्हती, आणि घाटावर साठेक माणसं होती, त्यातली निम्मी त्यांच्याच खोल्यांमधली. नानासाहेबांनी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"ज्योतीराम, तुझं चार लाख माझ्याकडं हायेत. माझा टँकर वडून न्यायला आलं व्हतं तवा तू दिलंस. कागद मागितला न्हाईस, एक रुपाया व्याज घेतलं न्हाईस. तुझ्या पोरीच्या शिक्षणाला पै न् पै देतो. हा नानाचा शब्द हाय. जा आता निवांत!"

आणि कावळा आला. पत्र्यावरून थेट खाली, पिंडाला चोच. घाटावर सगळ्यांनी सुस्कारा सोडला, बायका रडल्या, नानासाहेबांच्या पाठीवर चार हात पडले. नानासाहेब अकराच्या आत चाकणला पोचले.

आता हा शब्द खोटा होता का? नव्हता. विजयश्रीला सगळं माहीत होतं. दोन हजार बावीसच्या जुलैत फायनान्सवाले टँकरवर टपले होते. नानासाहेबांनी भावकीत पैसे मागितले असते तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून गावचा मोठा माणूस आपल्याच भाडेकरूच्या खोलीत येऊन खाली चटईवर बसला होता. ज्योतीरामनं वर्कशॉपच्या हिशेबाचे बँकेत ठेवलेले चार लाख रोख काढले आणि पिशवीत घालून नेऊन दिले. विजयश्री म्हणाली होती, "चिठ्ठी तरी लिहून घ्या." ज्योतीराम हसून म्हणाला, "ज्याच्या घरात राहतो त्याच्याकडून काय चिठ्ठी घ्यायची?" ह्या भाबडेपणाचा तिला पुढे फार राग आला. मेलेल्या नवऱ्यावर चिडायची सोय नसते, पण ती चिडली.

दिवाळी झाली की देतो, असं नानासाहेब म्हणाले. दिवाळी झाली. मग संक्रांत म्हणाले. मग म्हणाले, "पाडव्याला नक्की, वहिनी." विजयश्री कंपनीच्या कॅन्टीनला चपात्या लाटायला जात होती. दिवसाला सातशे चपात्या. तनुजाच्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी तिनं भिशी मोडून कशीबशी भरली. नानासाहेबांना रोज येताजाता बघत होती आणि गप्प होती, कारण कावळा साक्षीला होता.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या ओट्यावर गेली. नानासाहेब चहा पीत होते.

"नाना, पाडवा झाला."

"कशाचं पैसं, वहिनी?" नानासाहेब शांतपणे म्हणाले.

तिला वाटलं चेष्टा करताहेत. "चार लाख. घाटावर तुम्हीच बोललात."

"आगं, पिंडाला कावळा शिवावा म्हनून मानूस कायबी बोलतं. समदीच ताटकाळली व्हती. म्या बोललो म्हनून तुझा नवरा सुटला, उपकार मान की." मग कप खाली ठेवून म्हणाले, "कागुद हाय का?"

विजयश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं फार मोठं काही केलं नाही. एवढंच म्हणाली, "नाना, कागद नाही. पर मी हाय." आणि निघाली. आठ दिवसांत खोली खाली करा, असा निरोप मागोमाग आला. तिनं तीन दिवसांत केली. भोसरीला एक खोली बघितली, टेम्पो केला आणि जाताना अनामतीचे दहा हजार मोजून घेतले. ते नानासाहेबांनी निमूट दिले, कारण त्या दहा हजारांचा भाडेकरार होता. चार लाखांचं काहीच नव्हतं.

आधी ती पोलिसांकडे गेली. तिथल्या हवालदारानं नीट ऐकून घेतलं आणि खरं तेच सांगितलं, "बाई, हे उसनवारीचं प्रकरण. कोर्टात जावं लागेल." आप्तेष्ट म्हणाले, जाऊ दे. गावकऱ्याशी वैर घेऊन बाहेरच्या माणसानं इथं राहायचं कसं? दीर म्हणाला, "दगडावर डोकं आपटून दगडाला काय होतंय, वहिनी?" जो तो शहाणपणा शिकवत होता. पैसे मात्र कुणाचेच गेले नव्हते.

तशात गावाकडून यशोदाबाईंचा फोन आला. म्हातारीला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं आपणहून विचारलं, "विजे, त्या जाड्यानं दिले का गं पैसे?"

"कोणत्या जाड्यानं, आई?"

"पांढऱ्या सदऱ्याचा. चेनवाला. मी रोज बघायले की. 'तुझं चार लाख माझ्याकडं हायेत' म्हणलाय. मग कावळा आलाय."

विजयश्री पीठ मळता मळता थांबली. पूनमच्या मोबाइलवरचं चित्रण! म्हातारी सात महिने रोज बघत होती, पोराचं दहावं. तिला त्यातलं वाक्य न् वाक्य पाठ होतं. आणि इकडे विजयश्रीनं ते एकदाही उघडलं नव्हतं. बघायची छातीच झाली नव्हती.

राजगुरुनगरच्या कोर्टासमोर बसणारे सुजित वकील तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. त्यांनी चित्रण दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहताना हसू आवरेना. "माफ करा ताई. पण असा कबुलीजबाब मी वकिलीत पाहिला नाही. आता नीट ऐका. कावळ्याला कोर्ट साक्षीदार मानत नाही. पण साठ माणसांपुढे माणूस स्वतःच्या तोंडानं बोलला, ते कोर्ट ऐकतं. पैसे कधी दिले?"

"जुलै दोन हजार बावीस. अठरा तारीख."

"कशावरून?"

तिनं बँकेचं पासबुक पुढे केलं. अठरा जुलै, रोख काढले, चार लाख.

वकिलांनी बोटं मोजली. "परत करायची तारीख ठरली नव्हती, म्हणजे पैसे दिल्या दिवसापासून तीन वर्षं. ह्या अठरा जुलैला मुदत संपते. त्यांनी सहीनिशी काही लिहून दिलं असतं, तर मुदत नव्यानं सुरू झाली असती. नुसत्या बोलण्यानं ती वाढत नाही. दिवाळी, संक्रांत, पाडवा... तो माणूस तुमचे पैसे नाही, दिवस खात होता. आणखी तीन महिने खाल्ले असते, तर चित्रण असून नसल्यासारखं."

विजयश्रीनं पासबुकावरची तारीख पुन्हा वाचली. सण पुढे करून माणूस असं करतो, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"दुसरं," वकील म्हणाले, "ज्योतीराम यांचं येणं वसूल करायला वारसा प्रमाणपत्र लागेल. तुम्ही, मुलगी आणि त्यांची आई, तिघी सारख्या वारस. दावा आधी लावता येतो, पण निकाल हवा तर प्रमाणपत्र हातात पाहिजे. पेपरात नोटीस येईल, वेळ जाईल. म्हणून दोन्ही आताच. तिसरं. तुमच्या सासूबाईंकडे आलेली ती नक्कल. मला तो फोन हवा, ज्यावर चित्रण झालं. आणि ज्यानं केलं त्यानं लिहून द्यायचं, की हे मीच ह्या फोनवर घेतलं आणि काही बदललं नाही."

म्हणजे पूनम. आणि पूनम अजून नानासाहेबांच्याच खोलीत राहत होती.

विजयश्री रविवारी महाळुंग्याला गेली तर पूनमचा नवरा जुना फोन पिशवीत घालून निघालेला. चाकणच्या दुकानात देऊन नवा घ्यायचा होता, जुन्याचे साडेतीन हजार वळते होणार होते. दारातच तिनं पिशवी धरली. "हे घ्या साडेतीन हजार. फोन मला द्या." नवरा म्हणाला, "वहिनी, फोन न्या. सहीबिही मात्र पूनमची मागू नका. आम्हाला इथंच राहायचंय." खोटं तरी काय बोलला? चाळीस खोल्यांत आणखी एकोणचाळीस जण तेच म्हणाले असते.

पूनम भांडी घासत होती. ती हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "पाऊण तास हात वर धरून उभी होते मी. दंड भरून आला होता माझा. ते मी केलंच नाही म्हणू का आता? ताई, कुठं सही करायची सांगा." नवऱ्यानं फोन पिशवीतून काढून विजयश्रीच्या हातात दिला. पूनमपुढे त्याचं एरवीही फारसं चालत नसे.

नोटीस गेली. महिन्याभरात नानासाहेबांच्या वकिलाचं उत्तर आलं. सुजित वकिलांनी ते मोठ्यानं वाचलं. पहिला मुद्दा, आमच्या अशिलानं कसलीही रक्कम घेतलेली नाही. दुसरा मुद्दा, मयत ज्योतीराम हा विनापरवाना व्याजबट्टा करत होता, त्याबद्दल तक्रार करण्यात येईल. तिसरा मुद्दा, घाटावरचे उद्गार निव्वळ धार्मिक भावनेनं काढलेले.

"घेतलेच नाहीत तर व्याजबट्टा कुणाशी केला?" विजयश्रीनं विचारलं.

"हेच कोर्टात विचारू. परवाना नसताना व्याजानं पैसे देणं गुन्हा आहे, ते खरं. पण नाना स्वतःच म्हणालेत, एक रुपया व्याज घेतलं नाहीस. त्यांनीच तुमच्या नवऱ्याला निर्दोष सोडलंय."

पण तो दुसरा मुद्दा तिच्या जिव्हारी लागला. पैसे बुडवणं एक वेळ समजता येतं. ज्या माणसानं बावीस वर्षं लोखंडाचा कीस नाकातोंडात घेतला, कुणाला अडीनडीला शंभर-दोनशे देऊन परत मागितले नाहीत, त्याला मेल्यावर सावकार ठरवायचं? तिनं त्याच दिवशी कानातलं गहाण ठेवलं आणि कोर्ट फीची सोय केली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दावा दाखल झाला. मुदतीला महिनाभर उरला होता.

समन्स महाळुंग्यात पोचलं आणि गावातली हवा बदलली. भिमाजी नावाचे गृहस्थ, नानासाहेबांचे टँकरचे मुकादम, विजयश्रीला कॅन्टीनच्या गेटवर भेटले. हातात पेढ्यांचा पुडा. "वहिनी, नाना दोन लाख द्यायला तयार हायेत. मोकळं व्हा. कोर्टाच्या पायऱ्या झिजवत म्हातारं व्हायचंय का?"

"भिमाजीभाऊ, पिंडाला अर्धा कावळा शिवला होता का?"

भिमाजी पेढे परत घेऊन गेले. तिचं हे उत्तर मात्र संध्याकाळपर्यंत चाळीसही खोल्यांत फिरलं, आणि पाण्याच्या टाकीपाशी बाया नानासाहेबांचा टँकर आला की हळूच "काव काव" करू लागल्या. विजयश्रीनं चित्रण कुणालाही पाठवलं नव्हतं. पाठवायची गरजच नव्हती, साठ माणसांना आठवायला आता जोर आला होता. त्यातल्या दोघांनी तर साक्षीला येतो म्हणून आपणहून निरोप धाडला.

वारसा प्रमाणपत्र नोव्हेंबरात मिळालं. डिसेंबरात लोकअदालत लागली. नानासाहेबांच्या वकिलानंच प्रकरण तिथं घ्या म्हणून अर्ज केला होता. ह्या वेळी यशोदाबाईही आल्या. एसटीनं, वॉकरसकट. "माझ्या पोराचं येणं हाय, मला बघायचंय," म्हणाल्या. तिघी बाकावर ओळीनं बसल्या, तनुजा मधे. म्हातारीच्या मांडीवर नातीनं दिलेला मोबाइल होता.

पॅनेलवरच्या न्यायाधीशबाईंनी कागद चाळले. नानासाहेब उभे राहिले. सदरा पांढराच, पण आवाज घाटावरचा नव्हता. "चार लाख देतो. निम्मं आज ड्राफ्टनं, निम्मं तीन महिन्यांत."

तनुजानं आईचा हात दाबला. सुजित वकिलांनी मान डोलावली. इथं झालेली तडजोड म्हणजे कोर्टाचा हुकूमनामाच, आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. चार लाख. बावीस वर्षांचे. कानातलं सुटणार होतं, तनूची पुढची फी भरली जाणार होती.

"फकस्त एक हाय," नानासाहेब म्हणाले. "ते चित्रीकरन पुसायचं. माझ्यासमोर. म्हातारीकडचं, त्या फोनमधलं, समद्यांकडचं. निवडणूक आलीय. लोक काव काव करत्यात."

सुजित वकील विजयश्रीकडे वाकून कुजबुजले, "पैसे पदरात पडताहेत. निकालाला आणखी दोन-तीन वर्षं लागतील. विचार करा." न्यायाधीशबाईही म्हणाल्या, सक्ती नाही, दोघांना मान्य असेल तरच लिहू.

विजयश्रीनं सासूकडे पाहिलं. यशोदाबाईंनी मोबाइल दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. त्या उठायला लागल्या, तनुजानं धरलं.

"साहेब," म्हातारी न्यायाधीशबाईंना म्हणाली, "पोरगं गेलं तवा मला उठता येत नव्हतं. त्याचं तोंड बघितलं नाही, त्याचं दहावं बघितलं नाही. जे बघितलं ते ह्याच्यात. ह्यो म्हणतोय ते पुस. हे पुसलं तर मी माझ्या पोराच्या दहाव्याला गेलेच नाही."

मग विजयश्री उभी राहिली. "नाना, चार लाख तुम्ही घेतले होते, ते तुम्ही देताय. त्यात माझ्यावर उपकार नाही. ही अट मला मान्य नाही. पैसे नको म्हणत नाही मी, पर अट घालून नको. दोन वर्षं लागू द्या, पाच लागू द्या. मी सातशे चपात्या लाटते रोज, मला थकायची सवय नाही. आणि कोर्टात केस उभी राहिली, की हे चित्रण साहेबांसमोर, सगळ्यांसमोर लागेल. मग बघा काव काव."

नानासाहेबांनी आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकिलानं खांदे उडवले. बाहेर व्हरांड्यात भिमाजी टाचा उंचावून आत बघत होते. नानासाहेब खुर्चीत बसले, रुमालानं मान पुसली, पेन मागितलं.

"लिवा," ते म्हणाले. "अट न्हाई."

विजयश्रीनं सही केली, तनुजानं केली. यशोदाबाईंनी शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर इतका जोरात दाबला की कारकून म्हणाला, "आजी, हळू." ड्राफ्ट हातात आला. विजयश्रीनं त्यावरचा आकडा वाचला, नाव वाचलं, पुन्हा आकडा वाचला. मग झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याच्या तीन प्रती काढल्या आणि तिघींच्या पिशव्यांत एकेक ठेवली. आता ती कशाचाही कागद ठेवत होती.

एसटी स्टँडवर बसल्यावर यशोदाबाईंनी मोबाइल उघडला. तेच चित्रण. गुरुजी, हार घातलेला फोटो, चुलत दीर, मेव्हणा, पत्र्यावरचे चार कावळे. विजयश्रीनं पहिल्यांदाच ते शेवटपर्यंत पाहिलं. नानासाहेब बोलले, कावळा खाली आला.

"बघ," म्हातारी पदरानं काच पुसत म्हणाली, "त्या जाड्याला वाटलं असंल कावळा आपल्या शब्दावर आलाय. माझ्या पोराला ठावं होतं ह्यो कसला हाय ते. पोरगं तुझ्या भरवशावर निवांत गेलंय, विजे."